‘जून ते ऑगस्ट’ची फोड: पेरणीच्या तक्त्याचे बारा रकाने करताना

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचे निविष्ठा विक्री केंद्र फलटण तालुक्यात आहे आणि तिथल्या बियाण्यांच्या साठ्याची नोंद ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे. गेल्या उन्हाळ्यात असे ठरले की, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला केंद्राबाहेरच्या फळ्यावर ‘या महिन्यात काय पेरावे, काय लावावे’ ही यादी लिहायची आणि त्याच यादीवरून मी पुढच्या महिन्याच्या बियाण्यांची मागणी नोंदवायची. यादीसाठी आधार म्हणून एक जुना तक्ता हाती आला. तालुक्याच्या गावातील एका बियाणे दुकानाच्या भिंतीवर तो अनेक वर्षे लावलेला होता. त्यात एकेचाळीस पिके होती, प्रत्येक पिकासमोर लागवडीचा काळ होता आणि आमच्या भागातली माणसे तो तक्ता प्रमाण मानत होती. आमच्या क्षेत्र सहायकाने मोबाईलवर त्याचा फोटो काढून मला पाठवला.

तक्त्यात महिन्यांचे रकाने नव्हते. ‘लागवडीचा काळ’ असा एकच रकाना होता आणि त्यात ‘जून ते ऑगस्ट’, ‘जाने.–फेब्रु.’, ‘१५ डिसें. ते १५ फेब्रु.’ अशा नोंदी होत्या. फळ्यासाठी मला उलट बाजूने वाचता येणारा तक्ता हवा होता, म्हणजे पीक आडव्या ओळीत, जानेवारी ते डिसेंबर हे बारा रकाने उभे, आणि महिन्याचा रकाना वरून खाली वाचला की त्या महिन्याची पिके मिळावीत. काम एका दुपारचे आहे असे मी धरले होते. प्रत्यक्षात त्याला तीन आठवडे लागले आणि त्यातला बहुतेक वेळ रकाने भरण्यात गेला नाही. ‘ते’ या एका शब्दाने प्रत्येक ओळीत काय अभिप्रेत आहे हे ठरवण्यात गेला.

पहिली अडचण फोटोचीच होती. तक्ता प्लॅस्टिकचे आवरण चढवलेला होता, त्यामुळे वरच्या ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा मधल्या पाच ओळींवर पडला होता, आणि व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने आल्यामुळे फोटोचा आकार कमी होऊन अक्षरांच्या कडा विरघळल्या होत्या. मी तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून परत पाठवायला सांगितला, तेव्हा अक्षरे बरीच स्पष्ट झाली. तरीही मराठीत एक खास धोका शिल्लक राहतो. ‘जून’मधला ऊकार दीर्घ आणि ‘जुलै’मधला उकार ऱ्हस्व. पूर्ण शब्द छापलेला असेल तर गोंधळ होत नाही, पण जागा वाचवण्यासाठी तक्त्यात काही ठिकाणी ‘जू.’ आणि ‘जु.’ एवढेच छापलेले होते. अक्षराखालचे ते छोटेसे वळण फोटोत पुसट झाले की एक महिना इकडचा तिकडे होतो. ‘ऑ.’चेही तसेच, कारण ऑगस्ट आणि ऑक्टोबर दोन्ही त्याच अक्षराने सुरू होतात.

फुलकोबीची ओळ नेमकी तक्त्याच्या घडीवर आली होती. तिथे मला ‘जु–ऑ’ एवढेच दिसत होते आणि पुढची अक्षरे घडीत गेली होती. जून ते ऑगस्ट, जुलै ते ऑगस्ट, जून ते ऑक्टोबर आणि जुलै ते ऑक्टोबर असे चार अर्थ त्यातून निघत होते, म्हणजे दोन महिन्यांपासून पाच महिन्यांपर्यंत काहीही. इतर ओळींत ‘जून’ कसा छापला आहे ते मोठे करून मी शेजारी ठेवून पाहिले, ऊकाराची शेपटी किती लांब आहे ते ताडून पाहिले, पण घडीच्या सुरकुतीने नेमकी तीच जागा व्यापली होती. ती ओळ मी रिकामी ठेवली आणि समोर ‘वाचता आले नाही’ असे लिहिले. अशा एकूण सहा ओळी झाल्या. मला फुलकोबीचा हंगाम माहीत नाही असे नव्हते. पण फोटोत जे दिसत नाही ते मी स्वतःच्या माहितीतून भरले असते, तर तक्त्यातले काय आणि माझे काय हे महिनाभराने मलाच सांगता आले नसते.

म्हणून पहिला नियम असा केला की, फोटोतला मजकूर जसाच्या तसा एका स्वतंत्र रकान्यात उतरवायचा आणि तो पुन्हा कधीही बदलायचा नाही. त्या रकान्याला ‘मूळ मजकूर’ असे नाव दिले. छापणाऱ्याने ‘फेब्रू.’ असे अशुद्ध छापले असेल तर तसेच, स्वल्पविराम असेल तर स्वल्पविराम, आडवी रेघ असेल तर आडवी रेघ. स्वल्पविरामाचा आग्रह धरण्याचे कारण भेंडीच्या ओळीत होते. तिथे ‘जून–जुलै, जाने.–फेब्रु.’ असे होते. हे दोन वेगळे हंगाम आहेत, एक पावसाळी आणि एक उन्हाळी. आडवी रेघ काळ जोडते आणि स्वल्पविराम काळ तोडतो. घाईत उतरवताना माझ्याकडून एकदा ‘जून ते फेब्रु.’ असे लिहिले गेले आणि ऐन थंडीतही भेंडी पेरा असे सांगणारी ओळ तयार झाली. थंडीत भेंडीचे बी नीट उगवत नाही, हे आमच्याकडे कोणीही सांगेल.

तक्त्याच्या एका बाजूला महिरपी कंस होता हे मला पहिल्या वाचनात दिसलेच नाही. काकडी, दोडका आणि कारले या तीन ओळींना मिळून एकच काळ छापलेला होता आणि तो मधल्या दोडक्याच्या उंचीवर होता. त्यामुळे काकडी आणि कारले यांच्यासमोरची जागा रिकामी भासत होती. त्याखाली घेवड्यासमोर दोन छोट्या रेघा होत्या, म्हणजे ‘वरीलप्रमाणे’, आणि मी त्या डाग समजून सोडून दिल्या होत्या. छापील तक्त्यातली रिकामी जागा खरोखर रिकामी आहे की वरच्या नोंदीची सावली तिथपर्यंत आली आहे, हे पाहण्यासाठी फोटो पूर्ण रुंदीने आणि समासासकट लागतो. मी मात्र ओळी मोठ्या दिसाव्यात म्हणून समास कापून टाकला होता.

मजकूर उतरवताना स्प्रेडशीटनेही एक चकवा दिला. सोय म्हणून मी सुरुवातीला महिन्यांचे आकडे टाकत होते, म्हणजे जून ते ऑगस्टसाठी `6-8`. एंटर दाबले की तिथे `06-Aug` दिसायचे, कारण शीटने ती सहा ऑगस्ट ही तारीख मानली होती. ऑगस्ट हा शब्द दिसत असल्यामुळे ओळ वरवर बरोबर वाटायची आणि जून गायब झाल्याचे लक्षात यायचे नाही. तो रकाना आधीच मजकूर म्हणून ठरवून ठेवला, तेव्हा हा प्रकार थांबला.

आता फोड करण्याचा भाग. पहिल्या प्रयत्नात मी सुरुवातीचा महिना आणि शेवटचा महिना असे दोन आकडे घेतले आणि रकान्याचा महिना त्या दोहोंच्या मध्ये असेल तर खूण करायची, असे साधे सूत्र लिहिले. जून ते ऑगस्टच्या ओळी नीट भरल्या. मग आमचा क्षेत्र सहायक शेजारी बसून जानेवारीचा रकाना वरून खाली वाचू लागला आणि मध्येच थांबून म्हणाला, ‘‘ताई, सुरू उसाची लागण कुठं गेली? आमच्याकडं तर जानेवारीत तीच चालू असती.’’ ऊस होता, त्याच्या तिन्ही ओळी होत्या, पण सुरू हंगामाच्या ओळीत बाराही रकाने कोरे होते.

कारण उघड होते. सुरू ऊस १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी. सुरुवात बारा, शेवट दोन. बारापेक्षा मोठा आणि दोनपेक्षा लहान असा कोणताही महिना नाही, त्यामुळे सूत्राने प्रामाणिकपणे काहीच भरले नाही. वर्ष ओलांडून जाणाऱ्या प्रत्येक ओळीची अशीच गत झाली होती. गाजर होते, कलिंगड होते, रब्बी कांद्याची लागवड होती. आमच्या भागात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कामाचा मोठा काळ आहे, आणि माझ्या तक्त्यातून नेमका तोच पुसला गेला होता.

उसाच्याच ओळींनी दुसरा प्रश्नही समोर आणला. आडसाली १५ जुलै ते १५ ऑगस्ट, पूर्वहंगामी १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर आणि सुरू १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी. आडसालीचा काळ एक महिन्याचा आहे, पण महिन्यांच्या रकान्यांत टाकला की जुलै आणि ऑगस्ट असे दोन पूर्ण महिने रंगतात. सुरूचा काळ दोन महिन्यांचा आहे आणि रकाने तीन भरतात. फळ्यावर १ जुलैला ‘आडसाली ऊस’ असे लिहिले गेले असते, तर ते तक्त्याच्या पंधरा दिवस आधी झाले असते. आणि ऑगस्टच्या यादीत ते महिनाअखेरपर्यंत राहिले असते. रकाना महिन्याचा आणि तक्ता पंधरवड्याचा, अशी ही विसंगती होती.

यावर मी असा तोडगा काढला की रकाने बाराच ठेवायचे, पण मोजणी पंधरवड्यांत करायची. जानेवारीचा पहिला पंधरवडा म्हणजे १, दुसरा २, फेब्रुवारीचा पहिला ३, असे करत डिसेंबरचा दुसरा पंधरवडा २४. महिन्याच्या रकान्यात पहिल्या पंधरवड्यासाठी ‘अ’, दुसऱ्यासाठी ‘ब’ आणि पूर्ण महिन्यासाठी ‘अब’. शीटची मांडणी अशी झाली: A मध्ये पीक, B मध्ये मूळ मजकूर, C मध्ये काम, D मध्ये सुरुवातीचा पंधरवडा, E मध्ये शेवटचा, F मध्ये शेरा, आणि G पासून R पर्यंत बारा महिने. पहिल्या ओळीत G1 ते R1 मध्ये 1 ते 12 हे आकडे, त्याखाली महिन्यांची नावे, आणि तिसऱ्या ओळीपासून पिके. G3 मध्ये हे सूत्र लिहून ते उजवीकडे आणि खाली ओढले:

```
=IF(MOD(2*G$1-1-$D3,24)<=MOD($E3-$D3,24),"अ","")
 &IF(MOD(2*G$1-$D3,24)<=MOD($E3-$D3,24),"ब","")
```

यात `MOD` वर्षाला घड्याळासारखे गोल करते. सुरू उसासाठी D मध्ये 24 आणि E मध्ये 3 येतात. शेवटातून सुरुवात वजा केली की उणे एकवीस, आणि चोवीसच्या घड्याळात ते तीन होते. याचा अर्थ सुरुवातीच्या पंधरवड्यापासून पुढे तीन पावले, म्हणजे एकूण चार पंधरवडे. सूत्र प्रत्येक पंधरवड्याला एवढेच विचारते की, सुरुवातीपासून पुढे चालत गेले तर तू तीन पावलांच्या आत येतोस का. डिसेंबरमध्ये ‘ब’, जानेवारीत ‘अब’, फेब्रुवारीत ‘अ’ आले आणि बाकी सगळे कोरे राहिले. आडसालीसाठी 14 आणि 15 टाकले, तेव्हा जुलैत ‘ब’ आणि ऑगस्टमध्ये ‘अ’ आले. ‘जून ते ऑगस्ट’ असे पूर्ण महिन्यांचे असेल तिथे 11 आणि 16 टाकायचे. ‘ते’ मराठीत शेवटचा महिना धरूनच बोलतो, त्यामुळे ऑगस्टचा दुसरा पंधरवडाही त्यात आला.

हे सूत्र चालल्यावर मी एक गोष्ट पाहायची विसरले आणि ती छपाईच्या आदल्या दिवशी दिसली. न वाचता आलेल्या ज्या सहा ओळी मी कोऱ्या सोडल्या होत्या, त्या सगळ्यांना डिसेंबरखाली ‘ब’ लागला होता. शीट कोरी जागा शून्य मानते, शून्यातून शून्य वजा केले की शून्य, आणि चोवीसच्या घड्याळात चोवीस म्हणजेही शून्यच. त्यामुळे काहीही माहिती नसलेले पीक डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात जाऊन बसत होते. फुलकोबी डिसेंबरात दिसल्यावर कोणाला खटकलेही नसते, इतके ते पटण्याजोगे होते. म्हणून सूत्राच्या आधी एक अट घातली, ती अशी की D किंवा E कोरे असेल तर बाराही रकान्यांत प्रश्नचिन्ह यावे:

```
=IF(OR($D3="",$E3=""),"?", ... )
```

तीन टिंबांच्या जागी वरचे पूर्ण सूत्र, सुरुवातीचे बरोबरचे चिन्ह वगळून. प्रश्नचिन्हांची ती आडवी रांग दिसायला वाईट आहे, पण तिच्यामुळे कोणती ओळ वाचायची राहिली आहे ते दुरूनही कळते.

इथवरचे सगळे प्रश्न वाचनाचे आणि मोजणीचे होते. ज्या ओळीने मला सर्वांत जास्त विचार करायला लावला, ती वांग्याची. मजकूर अगदी स्वच्छ होता: ‘वांगी – खरीप – जून ते ऑगस्ट’. मी 11 आणि 16 टाकले, तीन महिन्यांत ‘अब’ भरले आणि पुढे गेले. कामाच्या रकान्यात ‘पेरणी’ असे लिहिले, कारण तक्त्याच्या मथळ्यात पेरणी हा शब्द होता.

आमच्या केंद्राची रोपवाटिका सांभाळणारे अण्णा ऑगस्टचा रकाना वाचताना त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, ‘‘ऑगस्टात बी टाकलं तर खरिपाचं वांगं लावणार कधी? जूनला गादीवाफ्यावर बी टाकायचं, जुलै-ऑगस्टात रान भरायचं. हे तीन महिने एका कामाचे न्हाईत.’’ मी पुन्हा फोटो पाहिला. वांग्याच्या ओळीत अगदी शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरांत ‘रोप लावून’ असे छापलेले होते. म्हणजे तक्ता चुकलेला नव्हता. छापणाऱ्याने बी टाकण्यापासून रोपे शेतात लावण्यापर्यंतचा सगळा काळ एका ‘ते’मध्ये बसवला होता आणि वाचणाऱ्या शेतकऱ्याला तो कळत होता, कारण वांगे थेट शेतात पेरत नाहीत हे त्याला माहीत असते. मी ते तीन एकसारख्या रकान्यांत फोडले आणि तिन्हींवर ‘पेरणी’ असा शिक्का मारला, तेव्हा तो अर्थ हरवला. फळ्यावरची यादी वाचून कोणी ऑगस्टअखेर वांग्याचे बी नेले असते, तर रोपे लावणीला येईपर्यंत सप्टेंबर संपत आला असता. शिवाय मी बियाण्यांची मागणी तीन महिन्यांवर विभागली असती, आणि बी तर जूनमध्येच लागते.

त्यानंतर रोपे तयार करून लावायची सगळी पिके मी वेगळी काढली. वांगी, मिरची, टोमॅटो, कोबी, फुलकोबी आणि कांदा. कांद्याच्या बाबतीत तक्त्याने स्वतःच काळजी घेतली होती; रब्बी कांद्यासमोर ‘पेरणी ऑक्टो.–नोव्हें., पुनर्लागवड डिसें.–जाने.’ असे स्पष्ट होते. तिथे मी दोन ओळी केल्या आणि कामाच्या रकान्यात एकीला ‘रोपवाटिकेत पेरणी’ तर दुसरीला ‘पुनर्लागवड’ असे लिहिले. फळ्यावर दोन्ही जातात, पण बियाण्यांची मागणी मी फक्त पहिलीवरून काढते. वांग्याची फोड मात्र तक्त्याने दिलेली नव्हती, ती अण्णांनी दिली होती. म्हणून तिथेही दोन ओळी केल्या, जून एकीकडे आणि जुलै–ऑगस्ट दुसरीकडे, मूळ मजकूर दोन्हींत ‘जून ते ऑगस्ट’ असाच ठेवला आणि शेऱ्यात लिहिले: ‘फोड रोपवाटिकेच्या अनुभवावरून, तक्त्यात एकच काळ’. पुढे कोणी फोटोशी ताडून पाहिले तर त्याला फरक दिसावा आणि फरकाचे कारणही तिथेच मिळावे, हा हेतू होता.

दुसऱ्या प्रकारची फसगत ‘खरीप’ या शब्दाने झाली. तक्त्यात मूग, उडीद आणि आणखी दोन-तीन पिकांसमोर महिने नव्हतेच, फक्त ‘खरीप’ असे होते. तळाशी हंगामांची व्याख्या छापलेली होती: खरीप – जून ते ऑक्टोबर. मी ती व्याख्या घेऊन मुगासमोर पाच महिने भरले. मूग साधारण साठ-सत्तर दिवसांत काढणीला येतो आणि आमच्याकडे पहिल्या चांगल्या पावसावर तो पेरतात, म्हणजे सप्टेंबरात ‘मूग पेरा’ असे सांगणारी ओळ सरळ चुकीची होती. तळाशी दिलेला काळ हंगामाचा होता, त्यात पीक पेरण्यापासून काढण्यापर्यंत शेतात उभे असते. लागवडीचा काळ त्याचा सुरुवातीचा लहानसा भाग असतो. या ओळींसाठी तक्त्यात उत्तर नव्हते, त्यामुळे D आणि E कोरे ठेवले, प्रश्नचिन्हे येऊ दिली आणि कृषी सहायकांना विचारून मगच तारखा टाकल्या. शेऱ्यात तेही नोंदवले.

बाजरीसमोर ‘मृग ते पुनर्वसू’ असे नक्षत्रांत दिलेले होते. मृग ७–८ जूनच्या सुमारास लागते आणि पुनर्वसू जुलैच्या १९–२० तारखेला संपते. पंधरवड्यांत ते जूनच्या पहिल्यापासून जुलैच्या दुसऱ्यापर्यंत येते, पण दोन्ही टोकांना काही दिवस जास्तीचे जोडले जातात. जिरायत हरभऱ्याचा २० सप्टेंबर ते १० ऑक्टोबर हा काळही असाच. सप्टेंबरचा ‘ब’ आणि ऑक्टोबरचा ‘अ’ भरला की एकवीस दिवसांचा महिना होतो. पंधरवडा हे माप इथे कमी पडते. मी आणखी बारीक माप केले नाही, कारण आठवड्यांचे अठ्ठेचाळीस तुकडे करून फळ्यावर कोणी वाचणार नव्हते. त्याऐवजी अशा ओळींच्या शेऱ्यात ‘तारीख पाहा’ असे लिहिले आणि फळ्यावर त्या पिकापुढे मूळ तारखाच लिहायच्या असे ठरवले.

तपासणी कशी करायची हा शेवटचा भाग होता. सुरुवातीला मी शीटकडूनच प्रत्येक ओळीत किती पंधरवडे भरले ते मोजून घेतले आणि `MOD($E3-$D3,24)+1` शी ताडून पाहिले. सगळे जुळले. जुळणारच होते, कारण दोन्ही बाजूंनी D आणि E मधलेच आकडे वापरले होते. मी जुलैच्या जागी जून वाचला असेल तर दोन्हीकडे तीच चूक सारखीच उतरते. म्हणून फोटो आमच्या क्षेत्र सहायकाला दिला, माझी शीट त्याला दाखवली नाही आणि सांगितले की, प्रत्येक ओळीसाठी किती पंधरवडे होतात ते फक्त फोटो पाहून कागदावर लिही. त्याच्या आकड्यांची माझ्या आकड्यांशी गाठ घातली, तेव्हा चार ओळी वेगळ्या निघाल्या. दोन ठिकाणी माझा ऊकार चुकला होता. एका ठिकाणी त्याने गाजराच्या ‘ऑगस्ट ते जानेवारी’मध्ये जानेवारी धरला नव्हता. चौथी ओळ गवारीची होती आणि तिच्यात स्वल्पविरामाच्या जागी मी रेघ वाचली होती.

एवढे झाल्यावरही रकाने वरून खाली वाचून घ्यावे लागले, आणि ते शेती करणाऱ्यांकडूनच. आडव्या ओळीत चूक लपते, कारण एका पिकासमोर तीन महिने भरलेले दिसले की डोळ्याला ते ठीक वाटते. उभ्या रकान्यात मात्र माणूस आपले शेत आठवून वाचतो. अण्णांनी आणि आणखी दोन सभासदांनी प्रत्येकी चार महिने वाचले. मेचा रकाना वाचताना एक सभासद थबकले, कारण त्यात हळद नव्हती. फोटोत ती ओळ ट्यूबलाइटच्या पांढऱ्या पट्ट्याखाली होती आणि मी तिचा ‘मे’ ‘मा’ असा, म्हणजे मार्च, वाचला होता. आमच्या दोघांच्या स्वतंत्र मोजणीतूनही ती निसटली, कारण ‘मा’ दोघांनाही दिसला होता.

एकेचाळीस पिकांच्या शेवटी सदुसष्ट ओळी झाल्या, कारण प्रत्येक काळाला आणि प्रत्येक कामाला वेगळी ओळ लागली. सहापैकी पाच अस्पष्ट ओळींसाठी क्षेत्र सहायकाने दुकानात जाऊन पुन्हा फोटो घेतले, यावेळी दिवा बंद करून, दाराच्या उजेडात, एका वेळी दहाच ओळी. फुलकोबीसाठी दुकानदारांनी तक्ता भिंतीवरून उतरवून घडी हाताने दाबून धरली. त्या फोटोत अक्षरे पूर्ण दिसली: ‘जून–ऑग.’, आणि शेवटच्या रकान्यात, वांग्यासमोर होते तसेच, ‘रोप लावून’. ती ओळ मी अजून फोडलेली नाही. अण्णा म्हणतात की हळव्या आणि गरव्या वाणांच्या बी टाकण्याच्या वेळा वेगळ्या आहेत, त्यामुळे आम्ही कोणते वाण विकणार हे आधी ठरवावे लागेल. तोपर्यंत तिच्या बारा रकान्यांत प्रश्नचिन्हेच आहेत.